बाजारातील फोटोवरून माकूल, कटलफिश आणि ऑक्टोपस कसे ओळखावेत?

प्रश्न: नागपूरच्या मच्छी बाजारात बर्फावर ठेवलेल्या तीन प्राण्यांचे फोटो काढले. विक्रेता पहिल्याला ऑक्टोपस आणि उरलेल्या दोघांनाही ‘माकूल’च म्हणतो. मोजायला गेलो तर तिघांनाही आठच भुजा दिसतात. नक्की कोण कोण आहे?

उत्तर: भुजांच्या संख्येवर विसंबू नये, कारण बर्फावरच्या फोटोत ती हमखास फसवते. स्क्विड आणि कटलफिश या दोघांनाही आठ भुजांखेरीज भक्ष्य पकडण्यासाठी दोन लांब सोंडा असतात. पण कटलफिश त्या डोळ्यांजवळच्या खिशांत पूर्णपणे आत ओढून घेऊ शकतो आणि स्क्विडच्या सोंडा पुष्कळदा हाताळणीत तुटलेल्या असतात. रंगही भरवशाचा नाही. समुद्रापासून इतक्या दूर, बर्फात घासत आलेल्या मालाची त्वचा जागोजागी निघालेली असते आणि मग तिन्ही प्राणी सारखेच पांढरट दिसतात. विक्रेत्याचीही यात चूक नाही, कारण कोकणातसुद्धा स्क्विड आणि कटलफिश या दोघांना सर्रास माकूलच म्हणतात.

पहिल्या फोटोविषयी शंका नाही. धड पिशवीसारखे लोळागोळा झालेले आहे, त्याला कुठेही पर नाही आणि आत आधार देणारे कवच नसल्यामुळे ते टोपलीच्या कडेचाच आकार घेऊन बसले आहे. बाजारात येणारा ऑक्टोपस असाच असतो.

दुसऱ्या फोटोतील धड नळीसारखे लांब असून मागे निमुळते होत गेले आहे, आणि दोन्ही बाजूंचे पर मागच्या भागात एकत्र येऊन पतंगासारखा चौकोन तयार करतात. हा स्क्विड आहे. आपल्या किनाऱ्यावर मोठ्या प्रमाणात मिळणाऱ्या भारतीय स्क्विडची ठेवण अशीच असते.

खरी अडचण तिसऱ्या फोटोची आहे. त्यातील धड रुंद आणि अंडाकृती आहे, आणि पर धडाच्या कडेने जवळपास पूर्ण लांबीभर गेलेला दिसतो. हे पाहून कोणीही कटलफिश म्हणेल, आणि बहुतेक वेळा ते बरोबरही असेल. परंतु मोठ्या परांचा एक स्क्विड दक्षिणेकडील समुद्रात, विशेषतः पाल्कची सामुद्रधुनी आणि मन्नारच्या आखाताच्या परिसरात मिळतो, आणि त्याचेही पर जवळपास पूर्ण धडाला वेढतात. अशा वेळी मी धडाचे मागचे टोक मोठे करून पाहतो. कटलफिशचा पर झालरीसारखा अरुंद असतो आणि मागच्या टोकाशी दोन्ही झालरींमध्ये लहानशी फट राहते. त्या स्क्विडचा पर मात्र मध्याच्या मागे चांगला रुंद होतो आणि टोकाशी दोन्ही बाजू एकमेकींना जोडलेल्या असतात. आपल्या फोटोत टोक बर्फात दबलेले आहे, त्यामुळे केवळ परांवरून मी निकाल देणार नाही.

त्याच फोटोत दुसरी एक खूण मात्र स्पष्ट आहे. पाठीचा भाग ताठ राहिला आहे, वजनाने मध्ये खचलेला नाही, आणि मानेपाशी कातडीखाली एका कठीण तुकड्याची गोलसर कड उठून दिसते. ते आतले चुनखडी कवच आहे, म्हणून माझ्या मते हा कटलफिशच आहे.

खात्री करायची असेल तर विक्रेत्याला साफ करताना आतला भाग बाजूला ठेवायला सांगावे. स्क्विडच्या पाठीतून पिसासारखे, पातळ, पारदर्शक पाते निघते, जे प्लास्टिकच्या पट्टीसारखे वाकते. कटलफिशमधून पांढरा, होडीच्या आकाराचा, हलका तुकडा निघतो. त्याची एक बाजू टणक असते आणि दुसरी इतकी ठिसूळ की नखाने पांढरी भुकटी निघते. इतवारीत काष्ठौषधीच्या दुकानांत समुद्रफेन म्हणून जे मिळते आणि पोपटांच्या पिंजऱ्यात जे टांगतात, ते हेच. त्याच्या ठिसूळ बाजूवर लिंबाचा रस पिळला की बुडबुडे येतात, कारण ते कॅल्शियम कार्बोनेटचे असते. स्क्विडच्या पात्यावर काहीच होत नाही.

माल साफ करून कापलेला असेल तर फोटोवरून मी ठाम सांगणार नाही. अखंड नळीच्या गोल चकत्या बहुधा स्क्विडच्या असतात, कारण कवच काढण्यासाठी कटलफिशचे धड सहसा चिरून उघडावे लागते आणि त्याचे जाड, सपाट तुकडे निघतात. तेच धड बारीक पट्ट्यांत कापून आले, तर आकार, पर आणि कवच या तिन्ही खुणा नाहीशा झालेल्या असतात.