लहान मुलं सांभाळून घरबसल्या काय करू?

शिवण थोडंफार येतं, मशीन आहे. मुलं दोन आणि पाच वर्षांची. कोणता व्यवसाय जमेल, किती मिळेल?

साडीला फॉल-पिको करा. जेवणाचे डबे द्यायचे तर वेळ पाळावी लागते, इथे तसं नाही. फॉलची हातशिलाई मूल रडलं की तिथेच थांबवता येते. पिको मात्र मुलं झोपल्यावर. हात बसला की साडीला साधारण तास लागतो. रोज दोन तास, महिन्याचे २२ दिवस, म्हणजे ४४ साड्या. तुमच्याकडे दर १०० रुपये असेल आणि फॉल-दोऱ्याला ३० गेले, तर हातात सुमारे ३,०००. सुरुवातीला निम्मेच धरा. लग्नसराईत काम वाढतं, पितृपक्षात ओसरतं. सुती फॉल आधी भिजवून, वाळवून, इस्त्री करूनच लावा. नाहीतर पहिल्याच धुण्यात तो आटतो आणि काठाला चुण्या पडतात.