बाजारातून काढलं आणि सौहार्दमध्ये टाकलं

«निपाणीत माझं खताचं दुकान आहे, वय 47. निफ्टी 50, नेक्स्ट 50 आणि मिडकॅप 150 या तीन इंडेक्स फंडांत मिळून 18 लाख होते. महिनाअखेरीला मागच्या 12 महिन्यांचा परतावा बघतो. उणे झाला की तो फंड विकतो, अधिक झाला की परत घेतो. नेक्स्ट 50 उणे झाल्यावर त्यातले 6 लाख काढून आमच्या सौहार्द सहकारी पतसंस्थेत एक वर्षाच्या ठेवीत 11 टक्क्यांनी ठेवलेत, पावती साडूंनी करून दिली. बाकीचं विकावं लागलं तर तेही तिथंच ठेवणार. 12 ऐवजी 10 महिने धरले तर जास्त मिळेल का? वर्षाला 18-20 टक्के धरून चाललोय.»

तुमची ती पावती पुन्हा एकदा नीट वाचा. संस्थेच्या नावाच्या शेवटी ‘नियमित’ असेल. तो कन्नडमधला ‘मर्यादित’. त्या नावात ‘बँक’ हा शब्द कुठंही सापडणार नाही, कारण ती बँक नाही. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँकेतल्यासुद्धा, मुद्दल आणि व्याज मिळून 5 लाखांपर्यंत ठेव विमा आहे. बँक नसलेल्या सौहार्द सहकारीतल्या ठेवीला एका रुपयाचाही नाही. उद्या संस्था अडचणीत आली तर तुम्ही रांगेतले एक ठेवीदार.

हिशेब करू. लिक्विड फंडात सहा टक्क्यांच्या आसपास मिळतात असं धरा. सौहार्द पाच टक्के जास्त देते, म्हणजे 6 लाखांवर वर्षाला 30 हजार. हे जास्तीचे 30 हजार वीस वर्षं घेतले तर जमतात 6 लाख. म्हणजे वीस वर्षांत एकदा संस्था बुडाली की सगळी जादा कमाई गेली. अण्णा, बाजाराच्या जोखमीतून बाहेर पडायला तुम्ही विकलंत आणि त्याहून मोठ्या जोखमीत जाऊन बसलात. शिवाय ती जोखीम तुमच्या तक्त्यात कुठंच दिसत नाही.

दुसरी अडचण नियमाचीच आहे. तुमची पद्धत दर महिन्याला बघायची. तीन महिन्यांनी आकडा अधिक झाला तर पैसे त्याच आठवड्यात परत हवेत. वर्षाची ठेव मोडली की ते 11 टक्के राहत नाहीत, आणि ‘पुढच्या महिन्यात या’ असं उत्तर मिळालं तर नियमच मोडला. रोकड म्हणजे लिक्विड किंवा ओव्हरनाइट फंड. पैसे साधारण पुढच्या कामाच्या दिवशी खात्यात येतात. लिक्विडमध्ये पहिल्या सहा दिवसांत काढलं तर किरकोळ भार लागतो, एवढंच.

आता दहा आणि बारा. मार्च 2020 घ्या, निफ्टी 50, लाभांश सोडून. बारा महिन्यांच्या नियमाने फेब्रुवारीअखेर आकडा अजून अधिकच होता, म्हणून थांबलात. मार्चअखेर विकलंत 8,600 ला, ऑगस्टअखेर परत घेतलंत 11,400 ला. जवळजवळ तळाला विकून तेहतीस टक्के महाग घेतलं. दहा महिन्यांच्या नियमाने फेब्रुवारीअखेरच 11,200 ला सुटलात, वाहवा. पण त्याच नियमाने परत आत यायला नोव्हेंबरअखेर उजाडली, 12,970 ला. सोळा टक्के महाग. दहाचा आकडा कमी वाईट दिसतो तो दहात काही गुण आहे म्हणून नव्हे. तुलनेला नेमका कुठला जुना महिना आला, एवढाच तो योगायोग. पुढची घसरण दुसऱ्या महिन्यात सुरू होईल.

हा नियम हळूहळू घसरणाऱ्या बाजारात कामाला येतो. 2008 मध्ये बारा महिन्यांच्या नियमाने जूनअखेर 4,040 ला विकायला लावलं. नंतर निफ्टी 2,500 पर्यंत गेला, आणि 2009 च्या जूनअखेर 4,290 ला परत घ्यायचा इशारा आला. सहा टक्के महागच, पण मधल्या वर्षात रोकडीवर व्याज मिळालं. म्हणजे बरोबरी झाली. कमाई काही नाही, फक्त ते 2,500 बघत झोप उडाली नाही. या नियमाकडून एवढंच मागा. 18-20 टक्के तुम्हाला कोणी सांगितले ते ठाऊक नाही. मी असतो तर त्या माणसाला चहाही पाजला नसता.

त्यात कर आहे. प्रत्येक विक्री म्हणजे हिशेब: वर्षाच्या आत नफ्यावर 20 टक्के, वर्षानंतर वर्षाचे 1.25 लाख सोडून 12.5 टक्के. न विकणाऱ्याला हा कर आज भरावा लागत नाही.

सोमवारी संस्थेत जा आणि ठेव मोडायचा अर्ज द्या. व्याज थोडं जाईल, जाऊ द्या. पैसे त्या आठवड्यात आले तर लिक्विड फंडात टाका आणि तुमचा बारा महिन्यांचा नियम हात न लावता चालू ठेवा. साडू नाराज होतील. ठेव आणून देण्याबद्दल त्यांना संस्थेकडून काही मिळतं का, तेवढं मात्र जेवताना सहज विचारून घ्या.