आईच्या फोनची मराठी बदलू नका

दादा, स्मार्ट स्पीकरच्या ॲपमध्ये मराठी नाही, म्हणून आईचा अख्खा फोन इंग्रजीत टाकू नका. मग त्यांना साधा मिस्ड कॉलही सापडणार नाही. अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये भाषांची यादी असते. तिथे मराठी पहिली ठेवा आणि तिच्याखाली हिंदी जोडा. ॲपला मराठी येत नसेल, पण हिंदी येत असेल, तर ते बहुतेक वेळा यादीतली पुढची भाषा उचलतं. गिरगावात मावशीकडे मी हेच केलं. ॲप बंद करून पुन्हा उघडलं, तर हिंदीत आलं. बाकी फोन मराठीतच राहिला.

एवढ्याने स्पीकर मात्र हिंदी बोलू लागत नाही. त्याची भाषा वेगळी असते, ती ॲपमध्ये त्या स्पीकरच्या सेटिंगमध्ये जाऊन बदला.

आता स्पीकरला सांगून चालवायच्या दिव्या-पंख्यांची नावं. मावशीने दिव्याला ‘स्वयंपाकघर’ नाव दिलं होतं, ते हिंदीवरच्या स्पीकरला कळेना. ‘किचन’ केल्यावर पहिल्या हाकेला दिवा लागला. ‘पंखा’ तर दोन्ही भाषांत पंखाच, तो तसाच ठेवा. नावं आईंच्याच तोंडून म्हणवून बघा, कारण रोज हाक त्याच मारणार आहेत.