प्रेस शॉपमधून नवे ऑपरेटर का गळतात? भरती, ट्रेनिंग की सुपरवायझर

प्रश्न: चाकणला आमचा ऑटो पार्ट्सचा प्लांट आहे. तीन महिन्यांत ४० ऑपरेटर घेतले, त्यातले १७ नव्वद दिवसांच्या आत गेले. पहिल्या ठेकेदाराचे प्रेस शॉपला १२ पैकी ८ गेले, असेंब्लीला १० पैकी २. दुसऱ्याचे प्रेस शॉपला ९ पैकी ५, असेंब्लीला ९ पैकी २. प्लांट हेड म्हणतात, भरतीच चुकतेय, ठेकेदार बदला. खरं कारण कसं शोधू?

उत्तर: ठेकेदार इतक्यात बदलू नका. एखाद्या ठेकेदाराची भरतीच कच्ची असती, तर त्याची माणसं दोन्ही विभागांतून गेली असती. तुमच्याकडे दोघांचीही माणसं असेंब्लीत टिकली आणि दोघांचीही प्रेस शॉपमध्ये गळाली. तिथे २१ पैकी १३ गेले.

तरी भरती अजून संशयातून सुटली नाही. प्रेसचा आवाज, दिवसभर उभं राहणं, रात्रपाळी हे दोघांनीही सांगितलं नसेल, तर हाच आकडा दिसेल. म्हणून त्या १३ जणांचा मस्टरवरचा शेवटचा पंच काढा. नाव कमी केल्याची तारीख घेऊ नका, ती बरीच उशिरा पडते. पहिल्या आठवड्यातच गेले असतील, तर काम सांगण्यात खोट आहे. पगाराच्या तारखेनंतर एकदम गेले असतील, तर निर्णय आधीच झाला होता, फक्त पैशासाठी थांबले होते. अशांची पहिली पगारस्लिप बघा. पीएफ, ईएसआय, बस, कँटीन कापून हातात आलेला आकडा आणि ठेकेदाराने तोंडी सांगितलेला आकडा यांत अंतर असेल, तर तो भरतीचाच दोष.

हे दोन्ही नसेल, तर प्रेस शॉपचे शिफ्टच्या गँगप्रमाणे दोन भाग करा. गँग सुपरवायझरसकट पाळी बदलत असेल, तर मशीन तीच, रात्रपाळी तीच, फरक फक्त माणसाचा. समजा, एका गँगमधून ११ पैकी ४ गेले आणि दुसऱ्यातून १० पैकी ९. इथे सगळे लगेच सुपरवायझरला धरतात, आणि इथेच घाई होते. आधी प्रत्येकाच्या ट्रेनिंग कार्डवर बघा, कितव्या दिवशी त्याला एकट्याला प्रेसवर उभं केलं. कार्डावरच्या सह्या बऱ्याचदा एका बैठकीत मारलेल्या असतात, त्यामुळे प्रॉडक्शन शीटवर त्याचं नाव एकट्याने पहिल्यांदा कधी आलं, ते ताडून पाहा. दुसऱ्या गँगमध्ये तिसऱ्याच दिवशी एकटं सोडलं असेल, तर त्या दिवशी गँगमध्ये किती जण हजर होते ते मोजा. माणसं कमी असतील, तर सुपरवायझरपुढे दुसरा मार्ग नव्हता, आणि दोष मॅनिंगचा. गँग पूर्ण असूनही सोडलं, तर मात्र दोष त्याचा.

गेलेल्यांना फोन करा, पण हिशेब मिळाल्यानंतर. ‘का सोडलं?’ विचारलंत तर ‘घरी काम होतं’ एवढंच ऐकाल. ‘सोडायचं पहिल्यांदा कधी मनात आलं, त्या दिवशी काय झालं होतं?’ असं विचारा.

दहा-अकराचे आकडे लहान आहेत. पुढची बॅच दोन्ही गँगमध्ये चिठ्ठ्या टाकून वाटा, आणि दोन्हीकडे दहाव्या दिवसाआधी कोणालाही एकटं सोडू नका. तरीही त्याच गँगमधून माणसं गेली, तर सुपरवायझरशी बोलायची वेळ आली.