क़ाल म्हटलं की काळ बदलू नका

तुमचं अरबी भाषांतराचं वाक्य पाहिलं. 'सल्मा म्हणाली की ती आजारी आहे' याचं तुम्ही 'क़ालत सल्मा इन्नहा कानत मरीदा' असं केलंय. यातलं 'कानत', म्हणजे 'होती', काढा. शाळेत इंग्रजीत 'इज'चं 'वॉज' करायला शिकलो, ती सवय इथे नडते. अरबीत सल्माच्या तोंडचा काळ तसाच राहतो: 'क़ालत सल्मा इन्नहा मरीदा'. 'कानत' घातलंत तर ती आधी आजारी होती, असा अर्थ होतो. भविष्यकाळही तसाच. 'स-तुसाफिर', म्हणजे 'ती प्रवासाला जाईल', यातला 'स' हलवायचा नाही. इथे मराठीवर विश्वास ठेवा.

सर्वनामांत मात्र मराठी दगा देते. आपण बिनधास्त म्हणतो, 'मी आजारी आहे असं सल्मा म्हणाली'. तिथला 'मी' उचलून 'इन्नी', म्हणजे 'की मी', लिहिलंत, तर अवतरणचिन्हांशिवाय वाचणाऱ्याला आजारी तुम्हीच वाटू शकता. म्हणून सल्माचा 'मी' तुमच्या वाक्यात 'ती' होतो: इन्नहा. आता ही 'ती' सल्मा की तिची बहीण, हे संदर्भावरूनच कळतं. इंग्रजीतही तीच पंचाईत आहे.

सुरुवातीला एवढंच तपासा:
- 'की'साठी 'क़ाल', म्हणजे 'म्हणाला', यानंतर 'इन्न'. 'ज़कर' म्हणजे 'उल्लेख केला', 'अख़्बर' म्हणजे 'कळवलं', वगैरेंनंतर 'अन्न'.
- 'इन्न'ला लगेच नाम किंवा जोडसर्वनाम हवं. 'इन्न स-तुसाफिर' चालत नाही, 'इन्नहा स-तुसाफिर' हवं.

'उद्या'चं 'दुसऱ्या दिवशी' कधी करायचं, ते नंतर बघू.