चौसष्टाव्या वर्षी शिकवणी: कॅशियरबाईंना उत्तर

प्रश्न: मी सहकारी बँकेत कॅशियर होते. आता वय ६४, गुडघे दुखतात. घरीच दिवसाला तास-दोन तास मुलांना शिकवावंसं वाटतं. पण बी.एड. नाही आणि दहावीचं गणित विसरले. जमेल का?

उत्तर: ताई, जमेल, पण दहावीच्या वाटेला जाऊ नका. तिथे पालकांना टक्के हवे असतात आणि परीक्षेचा वेग तुम्हाला दमवेल. तुम्ही चौथी ते सहावीची, गणितात मागे पडलेली मुलं घ्या. घरगुती शिकवणीला बी.एड. लागत नाही, आणि इथे तुमचा काउंटरवरचा अनुभव थेट कामी येतो.

पहिल्या दिवशी शिकवू नका. ४०२ वजा १८७ करायला द्या. बरीच मुलं ३८५ लिहितात. लगेच खोडू नका, ‘कसं केलंस?’ एवढंच विचारा. ‘दोनातून सात जात नाहीत, म्हणून सातातून दोन घालवले’, असं उत्तर आलं की दुखणं सापडलं. मुलाला वजाबाकी येते, पण दशक सुट्टा करता येत नाही. मधलं शून्य तर त्याला पारच अडवतं.

आता खेळण्यातल्या नोटा काढा: शंभराच्या चार आणि एक-एक रुपयाची दोन नाणी. १८७ द्यायचे आहेत. एक शंभराची नोट मोडून दहाच्या दहा नोटा घ्यायच्या, त्यातली एक मोडून दहा नाणी. समोर तीन शंभर, नऊ दहा आणि बारा सुटे राहतात. त्यातून १८७ मोजून दिले की २१५ उरतात. हे मुलाच्याच हाताने होऊ द्या, तुम्ही नोटांना हात लावू नका. आयुष्यभर सफाईने नोटा मोजलेल्या माणसाला हे जड जातं, पण तिथेच मूल शिकतं. मग तेच वहीत मांडायचं आणि २१५ मध्ये १८७ मिळवून ताळा घ्यायचा.

भागाकारातही शून्यच गोत्यात आणतं. ६१२ भागिले ६ चं उत्तर १२ आलं, तर पाढे घोकून घेऊ नका, पुन्हा नोटांकडेच वळा. मूल न विचारता स्वतःहून ताळा घ्यायला लागलं की पुढच्या गणिताला हात घाला.

एका वेळी चारच मुलं आणि आठवड्यातून तीन दिवस, एवढं पुरे. गुडघ्यांसाठी सतरंजीऐवजी टेबल-खुर्ची ठेवा. फी आसपासच्या शिकवण्यांची चौकशी करून ठरवा आणि महिन्याच्या सुरुवातीलाच घ्या. मात्र घरखर्च त्यावर लावू नका, कारण परीक्षा संपली की मुलं कमी होतात. ‘सगळ्याच विषयांचा गृहपाठ करून घ्या’, असं पालक म्हणतीलच. पहिल्याच भेटीत सांगा, फक्त गणित.

सुरुवात घटक चाचणीच्या निकालानंतर करा. तेव्हा पालक स्वतःच शोधात असतात आणि तपासलेली उत्तरपत्रिका तुम्हाला आयती पाहायला मिळते.