माझा-माझी आणि असा-अशी: फीचर्सच्या पहिल्या लेक्चरबद्दल तुमचे प्रश्न

मॅडम, मी खानापूरला बी.ए. सेकंड इयरला शिकवतो. डिस्टिंक्टिव्ह फीचर्स आणि नॅचरल क्लासवर पन्नास मिनिटांचं लेक्चर घ्यायचंय, सुरुवात फीचर्सच्या टेबलपासून करू का?

नको हो सर. मी पहिल्या वर्षी तेच केलं होतं, कुठल्या ध्वनीत कुठला गुण आहे-नाही याचं प्लस-मायनसचं अख्खं टेबल फळ्यावर उतरवलं आणि तास संपला तेव्हा मागच्या बाकावर दोघं खरंच झोपले होते. याकोबसन, फांट आणि हॅले यांचं 1952 चं काम आणि चॉम्स्की-हॅले यांचं 1968 चं, एवढा इतिहास एका वाक्यात सांगा आणि सोडा.

पहिली दहा मिनिटं फक्त विशेषणं लिहा: त्याचा-त्याची, ताजा-ताजी, माझा-माझी, असा-अशी. त्यांच्या शेजारी रिता-रिती, साधा-साधी, जुना-जुनी, भला-भली. मग मुलांना मोठ्यानं म्हणायला लावा आणि विचारा, शेवटचं व्यंजन कुठं बदललं? सगळे पटकन 'असा-अशी' म्हणतात कारण तिथं अक्षरच बदललेलं दिसतं, बाकीच्यांत काही नाही म्हणतात. हाच तर सापळा! 'त्याचा'मध्ये चाकातला च आहे आणि 'त्याची'मध्ये चिंचेतला, 'माझा'त झाडातला झ आणि 'माझी'त झेंड्यातला. लिपी दोन्हीला एकच अक्षर देते म्हणून डोळ्याला दिसत नाही, पण जिभेला कळतं, जीभ दातांमागून जरा मागं टाळूकडं सरकते. ज्यांच्या घरी कन्नड बोलतात त्यातली काही मुलं दोन्हीकडं चिंचेतलाच च म्हणतील, त्यांना चुकलं म्हणू नका, शेजारच्याचं ऐकायला सांगा.

त, ध, न, ल हे पण जीभ दातापाशी नेऊनच म्हणतो ना, मग ते का बदलत नाहीत? (निपाणीहून एक विद्यार्थिनी)

बरोब्बर जागेवर बोट ठेवलंस. जीभ पुढं असणं म्हणजे [+कोरोनल, +अँटीरियर], आणि ते या सगळ्यांनाच लागू आहे, म्हणून तेवढ्यानं काम होत नाही. आता चाकातला च, जगण्यातला ज, झाडातला झ आणि स एकेक करून म्हण आणि हात तोंडासमोर धर, प्रत्येकात हवा घासून फुसकारा येतो, त आणि न मध्ये तो नाही. हा फुसकारा म्हणजे [+स्ट्रायडंट]. तीन फीचर्स एकत्र लिहिली की मराठीतले नेमके हे चारच ध्वनी हाताशी येतात, एक जास्त नाही, एक कमी नाही. याला नॅचरल क्लास म्हणायचं. छ यात का नाही? तर तो मराठीत टाळूकडचाच असतो, म्हणजे आधीच [-अँटीरियर], त्याला बदलायला काही उरलेलंच नाही.

उलटी परीक्षा पण करून बघ: ब, न आणि स या तिघांनाच पकडणारी फीचर्स लिहायचा प्रयत्न कर. व्यंजन म्हणशील तर सगळी व्यंजनं आत घुसतात आणि अजून एखादं फीचर लावलंस की एकतर तिघांतलाच कुणीतरी बाहेर पडतो, नाहीतर प, त, म सारखे परके आत राहतातच.

मग 'असे' मध्ये स तसाच राहतो, तो श का होत नाही? नियम चुकला का?

नियम चुकला नाही, पण एका ओळीत बसत नाही हे खरं. 'माझे', 'ताजे', 'त्याचे' मध्ये च-ज-झ बदलतात आणि 'असे', 'मासे' मध्ये स हलत नाही. म्हणजे ई पुढं आला की चौघं बदलतात आणि ए पुढं आला की तिघंच. आता बघा, स ला वगळायला फक्त [-कंटिन्युअंट] जोडायचं, कारण स मध्ये हवा अडत नाही, वाहत राहते. म्हणजे तिघांचा गटही नॅचरल क्लासच निघाला, मला हे फार आवडतं. बोलताना आपण 'माझं' म्हणतो तिथं मात्र झाडातलाच झ राहतो, कारण शेवटी अ आहे, तो ई-ए सारखा जीभ पुढं नेऊन म्हणायचा स्वर नाही.

आणि हो, कुणीतरी हमखास विचारेल की 'सीमाभाग' या शब्दातला 'सी' मग 'शी' का होत नाही. तर हा बदल प्रत्यय लागतो त्या सांध्यावर होतो, शब्दाच्या पोटात किंवा सुरुवातीला नाही.

वर्गात कन्नड मीडियमची मुलंपण आहेत, त्यांच्यासाठी एखादं उदाहरण?

शाळेतली आदेश संधी घ्या, त्यांना पाठ असते. मळे + काल = मळेगाल, बेट्ट + तावरे = बेट्टदावरे, कण् + पनि = कंबनि. क, त, प चे ग, द, ब झाले. तीन ध्वनी तीन वेगवेगळ्या जागचे, कंठ, दात, ओठ, त्यामुळं जागेचं फीचर लिहायचंच नाही, फक्त अघोष स्फोटक एवढं पुरे, आणि बदलतं एकच, [-व्हॉइस] चं [+व्हॉइस] होतं. गळ्यावर बोट ठेवून क-ग, त-द म्हणायला लावा, थरथर लगेच कळते. ट चं काय असं विचारतील, पण ट नं सुरू होणारे मूळचे कन्नड शब्द जवळपास नाहीतच, म्हणून या संधीत त्याची परीक्षा होत नाही.